मैत्रिणीला आणा, बक्षीस मिळवा : पण ते बक्षीस येतं कुठून?

आज आपण मोबाइलवर येणाऱ्या एका निरोपाबद्दल बोलणार आहोत. निरोप साधारण असा असतो : "या लिंकवरून ॲप घ्या. तुम्हालाही शंभर रुपये, मलाही शंभर रुपये." खाली एक निळी लिंक असते आणि पाच-सहा अक्षरांचा कोड असतो. पाठवणारी बाई ओळखीची असते. बहीण, जाऊ, नणंद, गटातली मैत्रीण, नाहीतर शाळेतल्या मुलाची आई. ओळखीच्या बाईकडून आल्यामुळेच आपण तो उघडून बघतो.

याला 'रेफर करणं' म्हणतात. रेफर करण्यात मुळातच काही वाईट आहे असं नाही. पैसे पाठवण्याची काही ॲप नव्या ग्राहकाने पहिला व्यवहार केला की जुन्या ग्राहकाला पन्नास-शंभर रुपये देतात आणि विषय तिथे संपतो. तुमची मैत्रीण पुढे त्या ॲपवरून दूध-डेअरीचे पैसे पाठवो, नाहीतर मोबाइल रिचार्ज करो, तुमचा त्याच्याशी संबंध राहत नाही. आज मी बोलणार आहे ते वेगळ्या जातीच्या ॲपबद्दल. ज्यात पैसे लावून खेळायचं असतं, ते ॲप. पैसे लावून रमी, रंग ओळखा, आकडा ओळखा, विमान उडवा, क्रिकेटवर पैज. या ॲपमध्येही रेफरचं बक्षीस असतं, दिसायला तसंच असतं, पण त्याच्या अटी वेगळ्या असतात. त्या अटींत तुमची कमाई तुमच्या मैत्रिणीने किती पैसे भरले आणि किती गमावले, याला बांधलेली असते.

जाहिरातीचा खर्च कोणाच्या खिशातून

आधी कंपनीच्या बाजूने बघू. अशा ॲपला रोज नवी माणसं लागतात, कारण जुनी माणसं पैसे संपले की खेळणं सोडतात. नवी माणसं आणायची तर जाहिरात करावी लागते. टीव्हीवर, वर्तमानपत्रात, रस्त्यावरच्या फलकावर जाहिरात करायची म्हणजे पैसे आधी मोजावे लागतात, आणि माणसं येतील की नाही याची खात्री नसते. शिवाय अनोळखी जाहिरातीवर बायका सहसा विश्वास ठेवत नाहीत.

रेफरमध्ये दोन्ही अडचणी सुटतात. विश्वास तुमचा वापरला जातो, कंपनीला तो कमवावा लागत नाही. आणि पैसे कंपनी आधी देत नाही. तुमच्या मैत्रिणीने पैसे भरले, खेळली, त्यातून कंपनीला काही मिळालं, की मग त्यातला तुकडा तुम्हाला. कंपनीच्या पदरचा एक रुपयाही त्यात धोक्यात नसतो.

आपल्याकडे मटक्याचे आकडे लिहून घेणारा माणूस पुष्कळांनी पाहिलेला आहे. चिठ्ठी फाडून देणारा, पानटपरीच्या मागे बसणारा. त्याला चिठ्ठीमागे कमिशन मिळायचं, म्हणून तो गिऱ्हाईक आणायचा. पण तो मटकेवाला आहे हे गावाला माहीत होतं. त्याच्याकडे जाणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते कळत होतं. रेफरच्या लिंकमध्ये ती चिठ्ठी फाडणारी व्यक्ती म्हणजे आपली वहिनी असते. आणि खुद्द वहिनीलाही माहीत नसतं की ती चिठ्ठ्या फाडते आहे.

लिंक दाबल्यावर काय होतं

तुम्ही पाठवलेल्या लिंकमध्ये तुमचा कोड असतो. मैत्रिणीने त्या लिंकवरून ॲप घेतलं, आपला मोबाइल नंबर टाकला, की तिचं खातं तुमच्या खात्याखाली नोंदलं जातं. ही नोंद एकदा झाली की सहसा बदलत नाही. ती नोंद झाल्यानंतर ती जे काही करेल, म्हणजे किती भरले, किती डाव खेळली, किती काढले, ते तुमच्या कोडसमोर मोजलं जातं. बऱ्याच ॲपमध्ये 'माझी टीम' नावाचं पान असतं. तिथे तुमच्याखालची माणसं आणि त्यांनी आज भरलेली रक्कम दिसते. नणंदेने आज पाचशे भरले, हे तिच्या नवऱ्याला माहीत नसतं, पण वहिनीच्या मोबाइलवर दिसतं.

आता बक्षिसाची अट बघू. हिचे साधारण दोन भाग असतात. पहिला भाग ठरावीक असतो : मैत्रिणीने पहिल्यांदा अमुक एक रक्कम भरली की तुम्हाला शंभर रुपये. नुसतं ॲप घेऊन चालत नाही, पैसे भरावे लागतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतो तो हाच भाग. दुसरा भाग खाली बारीक अक्षरात असतो, आणि खरी गोम त्याच्यात आहे : पुढे दर महिन्याला मैत्रिणीच्या 'नेट लॉस'वर तुम्हाला अमुक टक्के.

नेट लॉस म्हणजे निव्वळ तोटा. तिने महिन्याभरात भरलेले पैसे, त्यातून तिने काढून घेतलेले पैसे वजा केले की उरतो तो तिचा तोटा. तोच कंपनीचा फायदा. त्या फायद्यातला वाटा तुम्हाला. कधी याला 'कमिशन' म्हणतात, कधी 'टीम इन्कम', कधी 'आयुष्यभराची कमाई'. नावं गोड असली तरी हिशोब एकच आहे.

नणंद-भावजयीचा हिशोब

एक उदाहरण सावकाश करून बघू. नावं नकोत, एक भावजय आणि एक नणंद समजा. कागद-पेन्सिल असेल तर सोबत मांडा.

ॲप रंगाचं आहे. दर तीन मिनिटांनी शून्य ते नऊमधला एक आकडा निघतो. 1, 3, 7, 9 आले तर हिरवा जिंकला. 5 आला तर हिरवा अर्धा जिंकला. बाकी पाच आकड्यांना हिरवा हरला. तुम्ही 100 रुपये लावले की आधी 2 रुपये फी कापतात, म्हणजे खेळात 98 राहतात. पूर्ण जिंकलात तर दुप्पट, 196 मिळतात. अर्धं जिंकलात तर दीडपट, 147 मिळतात. असे खेळ सर्रास आहेत, आकडे थोडेफार इकडेतिकडे असतात.

आता दहा डाव समजा आणि दहाही आकडे एकेकदा आले असं धरा. तुम्ही लावले 1,000 रुपये. चार वेळा 196 मिळाले, म्हणजे 784. एकदा 147 मिळाले. एकूण परत आले 931. म्हणजे हजारामागे 69 रुपये गेले. शंभराला जवळजवळ 7. खेळ अगदी प्रामाणिक असला, कोणी आकडा मुद्दाम पाडला नाही, तरीही शंभराला सात जाणारच. एखाद्या दिवशी कोणी जिंकेल, पण जितके जास्त डाव खेळाल तितका हिशोब या सातच्या जवळ येतो.

भावजयीने नणंदेला निरोप पाठवला : "वन्सं, बघा तरी खेळून. पाचशे भरले की तुम्हाला शंभर, मलाही शंभर." नणंदेने पाचशे भरले. भावजयीच्या खात्यात शंभर दिसले. महिनाभरात नणंदेने आणखी तीन वेळा पैसे भरले : पाचशे, हजार, हजार. एकूण 3,000. मधे एकदा जिंकली तेव्हा 600 काढले. महिनाअखेर खात्यात काही उरलं नाही. तिचा निव्वळ तोटा झाला 2,400.

एवढा तोटा व्हायला फार खेळावं लागतं असं वाटेल. बघा तर. एका डावाला 50 रुपये आणि दिवसाला 23 डाव धरा. तीन मिनिटांना एक डाव, म्हणजे रोजचा तासाभराहून थोडा जास्त वेळ. दुपारी भांडी झाल्यावर आडवं पडून मोबाइल बघायला लागतो, तेवढाच. महिन्याचे झाले 690 डाव आणि लावलेली रक्कम 34,500. तिने भरले फक्त तीन हजार, पण जिंकलेले पैसे ती पुन्हा पुन्हा लावत गेली, म्हणून लावलेली रक्कम अकरा पटींच्या वर गेली. त्यावर शंभराला सात धरले की येतात सुमारे 2,400. नणंद काही वेड्यासारखी खेळली नाही. रोज थोडं थोडं खेळली, एवढंच.

आता भावजयीचा वाटा. अटीप्रमाणे नेट लॉसच्या वीस टक्के, म्हणजे 480. आधीचे शंभर धरून 580 रुपये. मोबाइलवर निरोप येतो : "अभिनंदन! तुमच्या टीमने तुम्हाला 580 रुपये मिळवून दिले." भावजयीला वाटतं कंपनीने बक्षीस दिलं. कंपनीने दिलेलं नाही. ते नणंदेच्या 2,400 मधले आहेत. नणंदेच्या डब्यातून निघाले, कंपनीच्या हातातून फिरले आणि त्यातले थोडे भावजयीच्या ओंजळीत पडले. उरलेले 1,820 कंपनीकडे राहिले.

आणि तेही हातात येत नाहीत

हिशोब अजून संपला नाही. ते 580 रुपये भावजय बँकेत घ्यायला गेली तर ॲप सांगतं, हे 'बोनस क्रेडिट' आहे, काढता येत नाही. आधी खेळावं लागेल. किती? तर त्या रकमेच्या पंधरा पट. ही अट कुठे दहा पट असते, कुठे तीस पट. शिवाय मुदत असते, समजा तीस दिवस. मुदतीत पैजा पूर्ण झाल्या नाहीत तर क्रेडिट पुसलं जातं.

580 च्या पंधरा पट म्हणजे 8,700 रुपयांच्या पैजा. शंभराला सात धरले तर त्यात साधारण सहाशे रुपये जातात. हातात होते 580. म्हणजे सरासरीने पाहिलं तर अट पूर्ण होईपर्यंत बक्षीस संपतं आणि वर पदरचे वीस-पंचवीस भरावे लागतात. एखादीचं नशीब चांगलं असेल, तिला काही मिळेल. पण दहा भावजयींचा एकत्र हिशोब केला तर त्यांच्याकडे काही राहत नाही. आणि या सगळ्यात भावजय, जी आधी नुसती लिंक पाठवणारी होती, ती आता स्वतः खेळणारी झालेली असते. ही अट ठेवण्याचं ते एक कारणच आहे.

आता दोन्ही घरांचं मिळून बघा. नणंदेचे 2,400 गेले. भावजयीचे 580 आले आणि गेले. आत्ते-मामे भावंडांच्या दोन घरांतून 2,400 रुपये बाहेर पडले आणि एक रुपयाही परत आला नाही. रेफर करताना वाटतं, आपण दोघीही कमावणार. कागदावर मांडल्यावर दिसतं की दोघींपैकी कोणीच कमावलं नाही.

नणंद जिंकली तर?

एक प्रश्न कोणी विचारेल : पण नणंद जिंकली असती तर? भावजयीला तेव्हा आनंदच होईल की नाही?

इथे दुसरी अट येते. समजा पहिल्या महिन्यात नणंदेने भरले त्यापेक्षा 1,500 जास्त काढले. म्हणजे कंपनीला 1,500 चा तोटा. त्यातले वीस टक्के, 300 रुपये, भावजयीच्या नावावर उणे म्हणून लिहिले जातात. भावजयीला ते खिशातून भरावे लागत नाहीत, पण पुढच्या महिन्यात ते पुढे ओढले जातात. पुढच्या महिन्यात नणंदेचे 2,400 गेले तर भावजयीला 480 नाही, 480 वजा 300, म्हणजे 180 मिळतात. सगळ्या ॲपमध्ये ही अट नसते. काही ठिकाणी दर महिन्याला पाटी कोरी करतात. पण जिथे असते तिथे तिचा अर्थ नीट समजून घ्या. नणंद जिंकली की भावजयीची कमाई थांबते. नणंद हरली की ती पुन्हा सुरू होते. नणंदेने पैसे काढून ॲप बंद केलं तर कायमची थांबते.

भावजय वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्या मनात तसं काही नसेल. पण अट अशी लिहिली आहे की तिचं भलं नणंदेच्या हरण्यात आहे. नणंद म्हणाली, "वहिनी, पुरे आता, मी काढून टाकते ॲप," तर 'बरं केलंत' म्हणणं भावजयीला परवडत नाही. "अहो, एकदा अजून बघा, काल माझे निघाले," असं ती म्हणते. तिला वाटतं आपण धीर देतोय.

आपल्या बचत गटाचा नियम याच्या नेमका उलटा आहे. गटात मी एखाद्या बाईला आणलं, तिच्या कर्जाला हो म्हटलं, आणि तिने हप्ता बुडवला, तर भार माझ्यावर आणि गटावर येतो. गटाचा दर्जा घसरतो, पुढचं बँक-कर्ज अडतं. म्हणून मी तिला विचारते, शेळी कशी आहे, धंदा चाललाय का, हप्ता जमेल ना. तिचं बुडणं हे माझंही बुडणं असतं, म्हणून मी तिला सांभाळते. रेफरच्या अटीत तिचं बुडणं हे माझं मिळणं असतं. बाया त्याच, ओळख तीच, मोबाइलमधला ग्रुपही तोच. फक्त अट उलटी आहे, आणि अट उलटी झाली की एकमेकींना सांभाळण्याचं कारणच जातं.

रमीच्या टेबलाची गोष्ट थोडी वेगळी

सगळीच ॲप तोट्यावर कमिशन देत होती असं नाही. पैसे लावून रमी खेळायच्या ॲपमध्ये पद्धत वेगळी असायची. तिथे खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी टेबलाची फी घेते. समजा दोघींनी शंभर-शंभर लावले, फी दहा टक्के. जमा झाले 200, कंपनीने 20 घेतले, जिंकलेलीला 180 मिळाले. जिंकलेलीचे 80 वाढले, हरलेलीचे 100 गेले. मधले 20 दोघींच्या पैशांतून गेले.

तिथे जाहिरात असायची : मैत्रिणीमागे हजार रुपयांपर्यंत. त्यातला 'पर्यंत' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. हजार एकदम मिळत नसत. मैत्रीण जसजशी पैसे लावून खेळेल आणि तिच्याकडून टेबलाची फी कापली जाईल, तसतसे दहा-वीस रुपयांचे तुकडे मोकळे होत. पूर्ण हजार मिळायला मैत्रिणीने त्याच्या कितीतरी पट फी भरलेली असायची. मैत्रीण जिंकत असली तरी फी जातच होती. म्हणजे इथे बक्षीस तोट्याला नाही, पण तिच्या खेळत राहण्याला बांधलेलं होतं. ती थांबली की तुमचं थांबलं.

कायदा काय म्हणतो

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात बंद केले आहेत. खेळ नशिबाचा आहे की कौशल्याचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

पण तिसराही एक माणूस या कायद्यात आहे, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष हवं. असा खेळ खेळायला लोकांना प्रवृत्त करणारी जाहिरात जो कोणी करेल, किंवा तिला मदत करेल, त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायद्याचे शब्द 'कोणतीही व्यक्ती' असे आहेत. फक्त कंपनी किंवा सिनेनट असे नाहीत. बहिणीला एक लिंक पाठवली म्हणून कोणी लगेच दारात उभं राहील असं मी म्हणत नाही. पण दोनशे बायकांच्या ग्रुपवर रोज लिंक टाकून कमिशन घेणं ही जाहिरातच आहे, हे समजायला वकील लागत नाही.

कायदा झाल्यावर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. पण रंगाची, आकड्यांची, परदेशातून चालणारी ॲप आडवाटेने येतात. ती मोबाइलच्या नेहमीच्या ॲपच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. टेलिग्रामवरून किंवा व्हॉट्सॲपवरून फाइल येते आणि ती उघडायला मोबाइलची एक सुरक्षा बंद करायला सांगतात. ज्या ॲपला जाहिरात करायला परवानगी नाही, त्याला रेफर हा सोयीचा रस्ता असतो. म्हणून तिथे कमिशनही मोठं दाखवतात.

अशा ॲपचा आणखी एक धोका आहे. पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा क्यूआर कोड येतो. कमिशनही कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतं. ते पैसे फसवल्या गेलेल्या कुणाचे असतील, तर त्याने तक्रार केल्यावर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तो पैसा जिथे जिथे गेला ती खाती गोठवू शकते. पाचशे रुपयांच्या कमिशनपायी पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे पैसे येणारं खातं अडकू शकतं. गटाचं खातं तर या कामाला कधीच देऊ नका, कोणी कितीही जवळचं मागो.

अट वाचताना तीन प्रश्न

बारीक अक्षरातल्या पाच पानी अटी कोणी वाचत नाही. सगळं वाचायची गरजही नाही. कुठल्याही रेफरच्या बक्षिसाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : बक्षीस कशावर मोजलं जातं? मैत्रीण नुसती आली म्हणून, की तिने पैसे भरले म्हणून, की तिचे पैसे गेले म्हणून? अटींमध्ये 'डिपॉझिट', 'नेट लॉस', 'टर्नओव्हर', 'रिचार्ज कमिशन' असे शब्द दिसले तर उत्तर तिथेच आहे.

दुसरा : किती दिवस मोजलं जातं? एकदा मिळून संपतं, की दर महिन्याला चालू राहतं? 'आयुष्यभर' असं लिहिलं असेल तर ते तिच्या भरण्याचं आयुष्य आहे.

तिसरा : कशात मिळतं? बँकेत जाणारे पैसे, की ॲपमध्येच राहणारं क्रेडिट? क्रेडिट असेल तर किती पट खेळावं लागेल आणि किती दिवसांत?

तिन्ही उत्तरं मिळाली की एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा : "वन्सं, तुमचे शंभर गेले की मला वीस मिळणार आहेत." हे वाक्य नणंदेसमोर बोलता येत असेल तर लिंक पाठवा. बोलता येत नसेल तर पाठवू नका. एवढी सोपी कसोटी आहे.

लिंक आधीच पाठवली असेल तर

पुष्कळींनी अशा लिंक पाठवल्या असतील, न कळता पाठवल्या असतील. त्यात लाज धरून गप्प बसू नका, कारण गप्प बसण्यातच नुकसान वाढतं. नणंदेचे पैसे गेले तरी ती बोलत नाही, कारण लिंक वहिनीने दिली होती आणि बोललं तर घरात वाद होईल. वहिनी बोलत नाही, कारण तिला कमिशन मिळालं होतं. दोघी गप्प राहतात आणि नणंद गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा पाचशे भरते.

म्हणून वहिनीने आधी बोलावं. आपल्याला किती मिळालं ते सांगावं, आणि ते कशातून मिळालं तेही सांगावं. खात्यात काही रक्कम शिल्लक असेल तर दोघींनी मिळून ती काढायचा प्रयत्न करावा. पैसे काढताना ॲपने "आधी कर भरा" किंवा "आणखी हजार भरा, मग मोकळे होतील" असं सांगितलं, तर ते भरू नका. ती नवी फसवणूक असते, भरलेले हजारही जातात. भरलेल्या पैशांच्या पावत्या, ॲपची पानं आणि आलेले निरोप यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा किंवा cybercrime.gov.in इथे तक्रार नोंदवा. हे जितकं लवकर कराल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार झपाट्याने हलवले जातात. आपल्या बँकेलाही कळवा.

आणि एखादीला थांबता येत नसेल, झोप लागत नसेल, कर्ज लपवावं लागत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. कोणाच्या मोबाइलवर असा रेफरचा निरोप आला असेल तर तो सगळ्यांसमोर वाचा आणि वरचे तीन प्रश्न त्याला विचारा. आज मांडला तो हिशोब फळ्यावर मांडा. शंभराला सात कुठून आले हे एकदा फळ्यावर दिसलं की बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ती घरी जाऊन दिराला, मुलाला, भावाला तोच हिशोब करून दाखवेल.

तुमचे प्रश्न असतील तर केंद्रावर कळवा.